लांब व्याख्यानातून मिनिटभराची क्लिप कशी कापावी: राधानगरीच्या दरवाजांचं एक उदाहरण

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापुरात पुराबद्दल बोलणं सुरू होतं. कुठे व्याख्यान ठेवलेलं असतं, कुठे एखादा पॉडकास्ट निघतो. दीड तासाचं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत बघणारे थोडे असतात. गावभर फिरते ती त्यातली मिनिटभराची क्लिप. म्हणजे वक्ता काय म्हणाला हे बहुतेकांपुरतं क्लिप कापणाराच ठरवतो. म्हणून या लेखात एकच उदाहरण घेऊन ते पहिल्यापासून शेवटपर्यंत कापून दाखवतो: कुठून कापायचं, कुठे थांबायचं, मधलं काय गाळायचं आणि क्लिपच्या वर कोणती ओळ द्यायची.

समजा, एका निवृत्त पाटबंधारे अभियंत्याचं मे महिन्यात शहरातल्या एका सभागृहात व्याख्यान झालं. विषय पंचगंगेचा पूर. रेकॉर्डिंगच्या ४१व्या मिनिटापासून ४५व्या मिनिटापर्यंत ते राधानगरी धरणाच्या दरवाजांबद्दल बोलतात. आपल्याला यातून साधारण एक मिनिटाचा तुकडा हवा आहे. यूट्यूब शॉर्ट्सला ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत मुभा आहे. पण एका मुद्द्याला मिनिटभर पुरतं, आणि जागा आहे म्हणून दुसरा मुद्दा कोंबला की दोन्ही अर्धवट राहतात.

आधी कागदावर

सॉफ्टवेअर उघडण्याआधी हा भाग कानांनी ऐकून शब्दशः उतरवून काढा. वक्त्याचे 'अं', 'म्हणजे', 'बघा' हेसुद्धा लिहा, कारण कात्री बहुतेक वेळा तिथेच चालणार असते. प्रत्येक परिच्छेदापुढे मिनिट आणि सेकंद टाका. आपल्या उदाहरणातला मजकूर असा आहे:

४१:०५ – "…त्यामुळं मगाशी म्हटलं तसं ते झालं. अं, आता बघा…"

४१:१८ – "दरवर्षी जुलै महिन्यात एक बातमी येते, राधानगरीचे दरवाजे उघडले. ती आली की पाहुण्यारावळ्यांचे फोन सुरू होतात. राधानगरीचे दरवाजे उघडले म्हणजे आता कोल्हापुरात पूर येणार… असं लोकांना वाटतं."

४१:३६ – दरवाजे सात आहेत, स्वयंचलित आहेत, धरण भरून पाणी ठरावीक पातळीला पोचलं की आपोआप उघडतात; मग धरणाच्या बांधकामाची आणि शाहू महाराजांच्या दूरदृष्टीची हकीकत. जवळपास दीड मिनिट.

४३:०५ – "म्हणजे, अं, पंचगंगा म्हणजे एकटी भोगावती नव्हे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती, या सगळ्यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येतं. राधानगरी त्यातल्या फक्त भोगावतीवर आहे. तिकडं गगनबावड्याला कोसळायला लागला की कुंभी भरते, त्यात राधानगरीचा काय संबंध? म्हणून बातमी ऐकून घाबरू नका, राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीसला धोका."

४३:३८ – श्रोत्यांतल्या एकाची आठवण, हशा, टाळ्या.

४४:२० – "पण याचा अर्थ धरणाच्या पाण्याचा पुराशी संबंधच नाही, असं मी म्हणत नाही. सगळ्या नद्या तुडुंब असताना त्यात हे पाणी आलं तर भर पडतेच."

४४:३३ – पुढचा विषय.

कागदावर हे समोर आलं की तीन तुकडे आपोआप वेगळे दिसतात: समज, त्यावरचं उत्तर, आणि उत्तराची मर्यादा. मधली हकीकत छान आहे, पण ती वेगळी क्लिप आहे. श्रोत्याची आठवण सभागृहात रंगली असेल, पण क्लिप बघणाऱ्याला तिचा संदर्भ लागणार नाही. तिन्ही तुकडे मिळून १८, ३३ आणि १३ म्हणजे ६४ सेकंद होतात. अडखळणं काढलं की साठाच्या आसपास येतील.

इथे एक मोह होतो. "पातळी बघा, एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका" हा शेवट ठसठशीत आहे, तिथे थांबलं तर क्लिप टाळीवर संपते. पण मग ४४:२० चं वाक्य जातं, आणि धरणाचा पुराशी काही संबंध नाही असं हे साहेब सांगतात, असा अर्थ गावभर होतो. वक्ता स्वतःच आपल्या म्हणण्याला जिथे कुंपण घालतो, ते वाक्य मूळ रेकॉर्डिंगमध्ये चाळीस सेकंद लांब असलं तरी क्लिपमध्ये आलंच पाहिजे. उतरवलेल्या मजकुरात 'पण', 'अर्थात', 'असं नाही की', 'अपवाद' या शब्दांना पेनानं गोल करून ठेवा. तुकडा ठरवल्यावर प्रत्येक गोल तपासा: हे कुंपण माझ्या तुकड्याला लागू आहे का? लागू असेल तर ते आत घ्या. वेळेत बसत नसेल तर दुसरं काही कमी करा.

मराठी वाक्य उजवीकडून तपासायचं

मराठीत वाक्याचा निकाल शेवटी लागतो. "आता कोल्हापुरात पूर येणार" इथपर्यंत वक्ता स्वतः भाकीत करतोय असं वाटतं, "असं लोकांना वाटतं" हे आल्यावर कळतं की तो दुसऱ्यांचं म्हणणं सांगतोय. आणि नेमकं या दोहोंच्या मध्ये बोलणारा थांबतो. भाषण जितकं मुरलेलं तितका तो थांबा लांब. वेव्हफॉर्मवर तिथे स्वच्छ सपाट रेघ दिसते, कापायला आमंत्रण दिल्यासारखी. डोळ्यांनी कापणारा माणूस तिथेच चुकतो.

म्हणून शेवटचा कट ठरवताना त्याच्या पुढचे पाचसहा शब्द न चुकता ऐका. 'असं नाही', 'असं म्हणतात', 'असं मला तरी वाटतं', 'बरं का', 'निदान त्या वर्षी तरी' अशी शेपटी पुढे येत असेल तर ती वाक्याचाच भाग धरा. आपल्या तिसऱ्या तुकड्यात याचं टोकाचं रूप आहे. "धरणाच्या पाण्याचा पुराशी संबंधच नाही" इथे कोणी थांबलं, तर वक्ता जे नाकारतोय तेच त्याच्या तोंडी जातं. त्याच आवाजात, त्याच चेहऱ्यानं, आणि ऐकणाऱ्याला शंका यायला काही वावच राहत नाही.

सुरुवातीचा कट त्या मानानं सोपा. 'म्हणून', 'तर', 'त्यामुळं' यांनी सुरू होणारं वाक्य मागच्या वाक्याला लोंबकळत असतं. नुसता जोडशब्द उडवून वाक्य उभं राहतं का ते बघा. "म्हणजे, अं, पंचगंगा म्हणजे एकटी भोगावती नव्हे" यातलं पहिलं 'म्हणजे, अं' काढलं तर काही बिघडत नाही. पण 'ते', 'त्यांनी', 'तिथं', 'याचा' हे शब्द कोणाकडे बोट दाखवतात ते मूळ रेकॉर्डिंगमध्ये शोधा. "पण याचा अर्थ" मधला 'याचा' हा श्रोत्याच्या आठवणीबद्दल असता, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याची गाठ खोटी ठरली असती. इथे तो नद्यांच्या मुद्द्याबद्दलच आहे, म्हणून गाठ चालते. हे तपासायला मधला गाळलेला भाग पुन्हा पूर्ण ऐकावाच लागतो.

कच्चा तुकडा वेगळा काढणं

दीड तासाची फाइल टाइमलाइनवर ओढत बसण्यापेक्षा लागणारा भाग दोन्ही बाजूंना दहाबारा सेकंद सैल ठेवून वेगळा काढा. ffmpeg वापरत असाल तर:

```
ffmpeg -ss 00:41:05 -to 00:44:45 -i vyakhyan.mp4 -c:v libx264 -crf 18 -r 25 -c:a aac -b:a 192k kaccha.mp4
```

अनेक जण इथे वेळ वाचवायला `-c copy` देतात. त्यात व्हिडिओ नव्यानं बनत नाही, त्यामुळे चित्र फक्त कीफ्रेमवरच, म्हणजे पूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेमवरच, कापलं जाऊ शकतं, आणि दोन कीफ्रेममध्ये काही सेकंदांचं अंतर असू शकतं. परिणाम म्हणजे सुरुवातीला चित्र गोठलेलं आणि आवाज चालू, किंवा कट मागेच सरकलेला. वरच्या आज्ञेत फाइल नव्यानं तयार होते, म्हणून कट जागच्या जागी बसतो. `-r 25` चं कारण असं की मोबाइलचं रेकॉर्डिंग बऱ्याचदा बदलत्या फ्रेमरेटचं असतं, आणि एडिटरमध्ये गेल्यावर ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे पडतात. कॅमेरा ३० फ्रेमचा असेल तर ३० लिहा.

श्वास, व्यंजन आणि सभागृहाचा पंखा

आता खरी कात्री. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. एखादं व्यंजन तेवढ्यात सहज येऊन जातं. म्हणून नुसतं फ्रेमवर कापलं की 'दरवर्षी'चा 'द' अर्धा जातो आणि ऐकताना काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही. उपाय असा: एडिटरमध्ये आवाज आणि चित्र एकमेकांपासून सोडवा आणि आवाजाचा कट वेगळा, बारीक लावा. डाविंची रिझॉल्व्हमध्ये फेअरलाइट पानावर हे जमतं. नाहीतर फक्त आवाज ऑडॅसिटीत कापून परत आणता येतो, मात्र मग चित्राचीही लांबी तेवढीच राहील याकडे लक्ष ठेवावं लागतं.

क, ट, त, प यांसारख्या व्यंजनांआधी तोंड क्षणभर पूर्ण बंद असतं. वेव्हफॉर्मवर ती छोटी शांतता दिसते, मग टोकदार उसळी. कट त्या शांततेत, उसळीच्या जरा आधी. 'स' आणि 'श' यांना अशी शांतता नसते, ते हळूहळू चढतात, म्हणून तिथे आणखी थोडं मागून सुरुवात करा. शेवटाला उलट काळजी. 'येणार', 'पडतेच' यांचा शेवट तोंडातून संपला तरी सभागृहात घुमत राहतो. मोठ्या हॉलमध्ये शेवटच्या अक्षरानंतर पाव ते अर्धा सेकंद ठेवला नाही, तर वाक्य कोणीतरी तोंडावर हात ठेवून बंद केल्यासारखं वाटतं.

श्वासाचा नियम माझ्या दृष्टीनं सरळ आहे: पूर्ण ठेवा किंवा पूर्ण काढा. अर्धा श्वास हुंदक्यासारखा ऐकू येतो. क्लिपच्या अगदी सुरुवातीला श्वास काढून थेट शब्दावर यावं. मधल्या गाठींवर मात्र पुढच्या वाक्याचा श्वास ठेवावा, त्यानं माणूस बोलतोय असं वाटतं. प्रत्येक कटावर पाच ते दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे आधीचा आवाज उतरत असतानाच पुढचा चढू द्या. तो ऐकू येत नाही, पण कटाचा 'टक्' आवाज घालवतो.

मग पंखा. आपल्या सभागृहांत पंखा, एसी, बाहेरची रहदारी यांचा एक सलग तळ असतो. तुकड्यांच्या मध्ये पूर्ण शांतता टाकली की तो तळ अचानक नाहीसा होतो आणि कट उघडा पडतो. रेकॉर्डिंगमध्ये कोणी बोलत नसल्याचे दोनतीन सेकंद शोधा (वक्ता पाणी पितो तेव्हाचे चांगले असतात) आणि ते गाठींच्या खाली पसरा. आपल्या उदाहरणात पहिल्या आणि दुसऱ्या तुकड्यामध्ये अशी साधारण ०.४ सेकंदांची जागा ठेवा. तिसऱ्या तुकड्याआधी हशा आणि टाळ्या आहेत. ४४:२० ला त्यांचं शेपूट 'पण'च्या खाली येत असेल, तर तुकड्याच्या सुरुवातीच्या भागात टाळ्या अर्धवट तुटलेल्या ऐकू येतील. त्यावर इलाज कमी. टाळ्या पूर्ण विरल्यावर वक्त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हटलंय का ते बघा. अनेक वक्ते म्हणतात. नसेल तर दुसऱ्या तुकड्याच्या शेवटी टाळ्यांचाच एक सेकंद आणून हळू उतरवा, म्हणजे पुढचं शेपूट त्याचाच भाग वाटतं. फक्त ती टाळी त्याच क्षणाची असू दे. दुसऱ्या मुद्द्याला पडलेली टाळी इथे आणून लावली, तर श्रोत्यांचं मत आपण बनवल्यासारखं होतं.

गाठ बसली की नाही हे डोळे मिटून ऐका. "असं लोकांना वाटतं" यावर वक्त्याचा सूर वर राहिलाय, कारण त्याला पुढे बोलायचंय, आणि "पंचगंगा म्हणजे" खालून शांत सुरात सुरू होतंय. एवढा उतार चालतो. पण चढलेल्या आवाजातलं वाक्य आणि पुटपुटल्यासारखं वाक्य शेजारी आलं तर ०.४ ची जागा ०.७ करून बघा, आणि तरीही खटकत असेल तर कट एक वाक्य मागे न्या.

चित्रातली उडी लपवायची की दाखवायची

एकाच वाक्यातला 'अं' काढल्यावर चेहरा किंचित उडतो. तिथे चित्र ११० टक्क्यांपर्यंत मोठं करून ती उडी झाकायला हरकत नाही, कारण अर्थाला धक्का लागत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्यामधून मात्र बेचाळीस सेकंद गेले आहेत. ती गाठ दिसू द्यावी, असं माझं ठाम मत आहे: एक छोटा पांढरा झोत, किंवा सरळ दिसणारी उडी. बघणाऱ्याला कळलं पाहिजे की इथे काहीतरी गाळलंय. श्रोत्यांचा चेहरा मध्ये टाकून ती जागा गुळगुळीत केली तर क्लिप देखणी होते, पण वक्ता हे सलग बोलला असा समज होतो.

उभ्या चौकटीचं एक गणित लक्षात ठेवा. १९२० × १०८० च्या आडव्या चित्रातून ९:१६ ची उभी पट्टी कापली तर तिची रुंदी जेमतेम ६०८ पिक्सेल उरते आणि ती १०८० पर्यंत ताणावी लागते. चेहरा मऊ होतो, आणि वक्ता हात पसरून बोलणारा असेल तर हात चौकटीबाहेर जातात. त्यापेक्षा चौकोनी चित्र मध्ये ठेवा. वर जागा उरते, ती पुढच्या ओळीला लागणारच आहे. सगळ्यात खालची पट्टी आणि उजवी कड मोकळी सोडा, तिथे अ‍ॅपची बटणं येतात.

वरची ओळ

क्लिपच्या डोक्यावर जी एक ओळ देतो, तिनं कापलेल्या तुकड्याला त्याचा हरवलेला संदर्भ परत द्यायचा असतो. दीड तास सभागृहात बसलेल्याला तीन गोष्टी माहीत असतात: कोण बोलतंय, कोणत्या प्रश्नावर, आणि केव्हा. क्लिप बघणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं. ओळीत एवढंच हवं.

आपल्या क्लिपला सहज सुचणारी ओळ असते "धरणामुळे पूर येतच नाही! अभियंत्याचा मोठा खुलासा". यातलं पहिलं विधान वक्त्यानं स्वतः नाकारलंय, आणि 'खुलासा' हा शब्द म्हणजे कोणीतरी काहीतरी लपवत होतं असा आरोप. दुसरी, जरा सभ्य ओळ "राधानगरीबद्दलचं सत्य". ती खोटी नाही, पण काही सांगतही नाही. "राधानगरीचे दरवाजे उघडले तरी घाबरू नका" ही वक्त्याच्याच शब्दांच्या जवळची आहे, तरी ती मला सगळ्यात धोक्याची वाटते. जुलैमध्ये पाणी चढत असताना ही ओळ पुढे पाठवली गेली, तर ती सल्ला म्हणून वाचली जाईल आणि नदीकाठचं एखादं घर सामान हलवायला उशीर करेल.

मी ही ओळ अशी लिहीन:

"राधानगरीचे दरवाजे उघडले म्हणजे कोल्हापुरात पूर येतो का?"

आणि तिच्याखाली लहान अक्षरांत: "निवृत्त पाटबंधारे अभियंता, पुरावरचं व्याख्यान, मे", पुढे वर्ष. वर्ष गाळू नका. क्लिपला वय नसतं, तीन वर्षांनीही ती कालची म्हणून फिरते.

मोठी ओळ प्रश्न आहे, आणि क्लिपमध्ये त्याचं उत्तर मर्यादेसकट आहे. तपासायला तीन गोष्टी बघा. ओळीतला प्रत्येक दावा वक्त्याच्या तोंडी आहे का? आवाज बंद करून फक्त ओळ वाचणाऱ्याचा गैरसमज होईल का? आणि वक्त्याला ती वाचून दाखवली तर तो "हो, मी यावरच बोललो" म्हणेल का? मोठी ओळ आठनऊ शब्दांपलीकडे नेऊ नका. जोडाक्षरं आणि लांब शब्द मोबाइलवर वाचायला वेळ घेतात. ती पहिल्या तीन सेकंदांत पुसू नका, शेवटपर्यंत राहू द्या, कारण बरेच जण क्लिप मधूनच बघायला लागतात. सॉफ्टवेअरमध्ये टाकल्यावर 'र्व', 'क्त', 'ऱ्या' ही अक्षरं नीट जुळलीत का ते बघा. काही फॉण्टमध्ये रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो.

खालच्या मजकुरात पूर्ण व्याख्यानाचा दुवा आणि "४१:१८ पासून" असं लिहा. आकड्यांची सबटायटल्स ३९ आणि ४३ अशी अंकांत द्या, बोललेला 'एकोणचाळीस' घाईत चुकीचा ऐकला जातो.

सोडण्याआधी

क्लिप वक्त्याला पाठवा. "सर, कशी वाटली?" असं विचारलं की "छान" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: "सर, मधले दीड मिनिट आणि नंतरची श्रोत्यांची आठवण गाळली आहे. यामुळं तुमच्या म्हणण्यात काही फरक पडतोय का?" अभियंता कदाचित म्हणतील की दरवाजे आपोआप उघडतात हे एक वाक्य हवंच, नाहीतर कोणीतरी मुद्दाम उघडतं असा समज राहतो. ते बरोबर असेल. ४१:३६ चं ते वाक्य पाचसहा सेकंदांत बसतं. आयोजकांचीही परवानगी घ्या, रेकॉर्डिंग त्यांचं असतं.

मग एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये कापलेल्या वेळा लिहून प्रोजेक्टसोबत ठेवा: ४१:१८ ते ४१:३६, ४३:०५ ते ४३:३८, ४४:२० ते ४४:३३, आणि मधलं काय व का गाळलं. पुढे कोणी विचारलं की साहेब खरंच असं म्हणाले होते का, तर मूळ रेकॉर्डिंगमधली जागा तिथल्या तिथे दाखवता येते. आणि जुलैमध्ये पंचगंगा चढायला लागली की क्लिपखाली पिन केलेल्या कमेंटमध्ये लिहा की हे मे महिन्यातलं व्याख्यान आहे, आजच्या पातळीसाठी जिल्हा प्रशासनाची सूचना बघावी.